कावीळ, आकडा आणि तास: नवजात बाळाचा बिलिरुबिन चार्ट कसा भरायचा

केसपेपरवर एवढंच लिहिलं होतं: "वय दुसरा दिवस, बिलिरुबिन ११.२." पोस्टनेटल वॉर्डमधून बाळ दाखवायला आणलेल्या इंटर्नने विचारलं, "सिस्टर, दुसऱ्या दिवशी अकरा म्हणजे ठीक आहे ना? सुट्टी देऊ?" मी लेबर रूमचं रजिस्टर मागवलं. मुलगी मंगळवारी पहाटे २:४० ला जन्मली होती आणि रक्त बुधवारी सकाळी ६:४० ला घेतलं होतं. म्हणजे तिचं वय २८ तास. कॅलेंडरवर तो दुसरा दिवस होता हे खरं, पण २८ तासांचं ११.२ आणि ४८ तासांचं ११.२ यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

हा लेख एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, नव्याने रुजू झालेल्या स्टाफ सिस्टर, ब्रदर आणि इंटर्न यांच्यासाठी आहे. मी रुजू झाले तेव्हा चार्ट कसा भरायचा हे कुणी बसून शिकवलं नव्हतं. आकडे केसपेपरच्या समासात एकाखाली एक लिहिले जायचे आणि राउंडला प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करायचा. त्या मुलीचाच चार्ट शेवटपर्यंत भरत जाऊ, म्हणजे प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते दिसेल.

आई-वडील हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती: बाळाला लाइट लागणार की नाही, हे घरी ठरवता येत नाही. पण रिपोर्ट हातात आला की "रक्त घेतलं तेव्हा बाळ किती तासांचं होतं?" हे जरूर विचारा.

हाताशी काय हवं

- आलेखाचा कागद, पट्टी, आणि काळी, लाल, निळी अशी तीन पेनं
- लेबर रूमचं रजिस्टर किंवा माता-बाल संरक्षण कार्ड (जन्माची वेळ आणि गर्भाचे आठवडे बघायला)
- आईचा रक्तगट, आणि झाला असेल तर बाळाचा रक्तगट व डीसीटी, म्हणजे बाळाच्या लाल पेशींना प्रतिद्रव्यं चिकटली आहेत का ते बघणारी तपासणी
- जन्माचं आणि आजचं वजन
- नमुना घेतल्याची वेळ लिहिलेला लॅबचा फॉर्म
- फ्लक्स मीटर, म्हणजे लाइटची तीव्रता मोजायचं यंत्र
- युनिटमध्ये मान्य असलेला उपचार-रेषांचा चार्ट

शेवटच्या गोष्टीबद्दल थोडं सांगते. या लेखातल्या रेषा ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या आहेत. त्यांची काविळीची मार्गदर्शिका २०१० मध्ये आली. त्या सरळ रेषा असल्यामुळे हाताने आखता येतात, म्हणून शिकायला मला त्याच सोप्या वाटतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची मार्गदर्शिका २००४ ची, आणि २०२२ मध्ये ती बदलली. तिच्यात आठवड्यांनुसार आणि जोखमीनुसार वेगवेगळे आलेख आहेत. तुमच्या युनिटमध्ये जी मान्य असेल तीच वापरा. चार्टच्या डोक्यावर तिचं नाव आणि वर्ष लिहा. भिंतीवर २००४ चा जुना फोटोकॉपी चार्ट आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर २०२२ चं ॲप असेल, तर एकाच बाळाला दोन रेषा लागतात आणि ड्यूटी बदलली की निर्णयही बदलतो.

१. जन्माची वेळ पक्की करा

चार्टवर पहिली नोंद बिलिरुबिनची करायची नाही. जन्माची तारीख आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहायची: मंगळवार, ०२:४०. "पहाटे पावणेतीनच्या सुमारास" असं नातेवाईक सांगतात. तेवढ्यावर थांबू नका, रजिस्टर बघा. बाहेरून रेफर झालेल्या बाळाच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा फक्त तारीख असते. तिथे फोन करून वेळ विचारा आणि कुणी सांगितली तेही लिहून ठेवा.

मध्यरात्रीच्या आसपासच्या जन्मात चूक हमखास होते. सोमवारी रात्री ११:५० ला जन्मलेलं बाळ मंगळवारी सकाळी "दुसऱ्या दिवसाचं" दिसतं, पण ते असतं जेमतेम आठ-नऊ तासांचं. आणि पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी धरायची नाही. अशा बाळाचं रक्त दोन तासांच्या आत गेलं पाहिजे, आणि पुढे दर सहा तासांनी. तारखेवरून वय काढलं तर नेमकी हीच बाळं हातून निसटतात.

जन्मवेळेशेजारी गर्भाचे आठवडे लिहा. आपली मुलगी ३८ आठवडे ४ दिवसांची होती. आठवडे चुकले तर चार्टच चुकतो, तो का ते पुढच्या पायरीत कळेल.

२. बाळ येण्याआधी रेषा आखून ठेवा

आलेखाचा कागद आडवा धरा. खालच्या अक्षावर तास: एक सेंटिमीटर म्हणजे सहा तास, शून्यापासून १२० पर्यंत. उभ्या अक्षावर बिलिरुबिन: एक सेंटिमीटर म्हणजे दोन मिलिग्रॅम, शून्यापासून २८ पर्यंत. आपल्याकडची लॅब आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते आणि नाइसचे आलेख मायक्रोमोलमध्ये आहेत. मायक्रोमोलला १७.१ ने भागलं की मिलिग्रॅम मिळतात. हा भागाकार एकदा रेषा आखतानाच करून टाका. रात्री तीन वाजता बाळासमोर उभं राहून करायचं हे गणित नाही.

३८ आठवडे किंवा त्यापुढच्या बाळाची फोटोथेरपीची, म्हणजे लाइट लावायची रेषा तीन बिंदूंवर उभी राहते: जन्मावेळी ५.८ (१०० मायक्रोमोल), २४ तासांना ११.७ (२००) आणि ९६ तासांना २०.५ (३५०). हे तिन्ही जोडा, पुढे रेषा सपाट. ती निळ्या पेनने काढा. एक्स्चेंजची, म्हणजे रक्त बदलण्याची रेषा जन्मावेळी त्याच ५.८ पासून निघते आणि ४२ तासांना २६.३ (४५०) पर्यंत चढते, पुढे सपाट. ती लाल.

निळी रेषा पहिल्या २४ तासांत तासाला साधारण पाव मिलिग्रॅमने चढते आणि नंतर फक्त ०.१२ ने. हे ०.१२ लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत ते लागणार आहे.

३८ च्या आतल्या बाळांसाठी प्रत्येक आठवड्याची रेषा वेगळी आहे. फोटोथेरपीची रेषा जन्मावेळी ४० मायक्रोमोलवर सुरू होते आणि ७२ तासांना "आठवडे गुणिले दहा, वजा शंभर" इथे पोचून सपाट होते. एक्स्चेंजची ८० वरून निघून ७२ तासांना "आठवडे गुणिले दहा" इथे पोचते. म्हणजे ३६ आठवड्यांच्या बाळाला ७२ तासांना लाइटची रेषा २६० मायक्रोमोल, म्हणजे १५.२ मिलिग्रॅम. त्याच तासाला ३८ आठवड्यांच्या बाळाची रेषा १७.५ आहे. बाळ अंगाने गुटगुटीत दिसतं म्हणून ३६ आठवड्यांच्या बाळाचे आकडे ३८ च्या कागदावर भरू नका. आमच्याकडे रेषा आखलेल्या कोऱ्या कागदांच्या फोटोकॉपी आठवड्यांनुसार लावून ठेवलेल्या असतात, तसं करून ठेवा.

आणखी एक सावधगिरी. टक्केवारीचे पट्टे असलेला भूतानी यांचा १९९९ चा आलेख अनेक वॉर्डांत चिकटवलेला दिसतो. तासानुसार आकडा मांडायची सवय त्यानेच जगाला लावली. पण पुढे कुणाची कावीळ वाढण्याचा संभव जास्त, हे तो सांगतो. लाइट कधी लावायचा हे तो सांगत नाही. त्यावरून लाइट लावू नका आणि काढूही नका.

३. वेळ नमुन्याची लिहा, रिपोर्टची नव्हे

आपल्या मुलीचं रक्त ६:४० ला घेतलं आणि रिपोर्ट वॉर्डात ११:३० ला पोचला. रिपोर्टच्या कागदावर छापलेली वेळ ११:३० च होती. ती धरून बिंदू टाकला असता तर तो २८ ऐवजी जवळजवळ ३३ तासांवर पडला असता. २८ तासांना निळी रेषा १२.२ वर आहे, ३३ तासांना १२.८ वर. आकडा तोच, पण रेषेपासूनचं अंतर १.० ऐवजी १.६ दिसलं असतं. ही चूक नेहमी एकाच बाजूला होते: बाळ आहे त्याहून मोठं आणि म्हणून सुरक्षित वाटतं. म्हणून टाचेला सुई लावली त्या क्षणाची वेळ फॉर्मवर आणि चार्टवर, दोन्हीकडे लिहा.

नमुन्याला उजेडापासून जपा. इंग्लंडमधल्या रॉचफोर्डच्या रुग्णालयात १९५० च्या दशकात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत, आणि उन्हात उघडी राहिलेली त्वचा फिकट दिसते हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच रुग्णालयात उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन अनपेक्षितपणे कमी भरलं. त्यातून क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये लाइटने उपचार करण्याचं काम प्रसिद्ध केलं. ज्या गुणामुळे उपचार सापडला तोच गुण आपला नमुना बिघडवतो. खिडकीतल्या ट्रेमध्ये नळी ठेवली किंवा लाइट चालू ठेवून त्याखालीच थेंब थेंब रक्त गोळा केलं, तर आकडा खोटा कमी येतो. रक्त घेताना लाइट बंद करा, नळीला फॉइल किंवा काळा कागद गुंडाळा आणि लगेच पाठवा.

डोळ्यांनी पिवळेपणा बघून "छातीपर्यंत आहे, दहाच्या आत असेल" असा अंदाज चार्टवर लिहू नका. सावळ्या त्वचेवर तो अंदाज फार फसवा असतो. त्वचेवर टेकवून मोजायचं यंत्र असेल तर त्याचा बिंदू पोकळ गोल काढा आणि लॅबचा भरीव. लाइट सुरू झाल्यावर त्वचा आधी फिकी पडते, रक्त मागाहून. त्यामुळे त्यानंतर ना डोळ्यांवर विसंबायचं, ना त्वचेवरच्या यंत्रावर.

लॅब डायरेक्ट बिलिरुबिनही देते. एकूण आकड्यातून ते वजा करून बिंदू टाकायचा नाही. रेषा एकूण बिलिरुबिनसाठी आखलेल्या आहेत.

४. अंतर बघा, मग चढ बघा

२८ तासांवर ११.२ चा बिंदू पडला. रेषेपासून खाली फक्त १.० मिलिग्रॅम. इंटर्नने तो ४८ तासांवर धरला होता. तिथे रेषा १४.६ वर आहे, म्हणजे ३.४ मिलिग्रॅमची मोकळीक. म्हणूनच त्याला सुट्टी द्यावीशी वाटली. खालून २.९ मिलिग्रॅमच्या (५० मायक्रोमोलच्या) आत बिंदू असेल तर लाइट लागत नाही, पण बाळ घरीही जात नाही. जोखीम असेल तर १८ तासांच्या आत पुन्हा रक्त, नसेल तर २४ तासांच्या आत.

आपल्या मुलीची आई ओ पॉझिटिव्ह होती. आईचा गट ओ असेल आणि बाळाचा ए किंवा बी, तर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाच्या लाल पेशी फोडू शकतात. म्हणून १८ तास न थांबता आठ तासांनी रक्त घ्यायचं ठरलं. बाळाचा गट आणि डीसीटी त्याच वेळी पाठवलं. आता मागे वळून बघताना वाटतं, ते पहिल्या नमुन्यासोबतच जायला हवं होतं. आई ओ गटाची किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर मी हल्ली तसंच करते.

बुधवारी १४:४० ला, म्हणजे ३६ तासांना, आकडा आला १३.६. रेषा १३.२ वर. बिंदू रेषेच्या वर गेला, लाइट लावायचा. पण तेवढं लिहून थांबू नका. दोन बिंदू पट्टीने जोडा. आठ तासांत २.४ ने वाढ, म्हणजे तासाला ०.३. रेषा मात्र तासाला ०.१२ ने चढते आहे. बाळाची रेघ आखलेल्या रेषेपेक्षा दुपटीहून जास्त उभी आहे. २४ तासांनंतर तासाला ०.२ किंवा जास्त वाढ दिसली तर पेशी फुटत आहेत असा संशय घ्यावा, असं अमेरिकन मार्गदर्शिका सांगते (पहिल्या २४ तासांत ही मर्यादा ०.३ आहे). वाढ तासाला ०.५ पर्यंत गेली तर नाइसच्या हिशेबानेही ती धोक्याची. तशी वाढ दिसली तर राउंडची वाट न बघता वरिष्ठांना फोन करायचा.

मुलीचा गट बी पॉझिटिव्ह निघाला आणि डीसीटीही पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन, रेटिक आणि जी-सिक्स-पीडी पाठवलं. अमेरिकन चार्ट वापरणाऱ्या युनिटमध्ये हे कळताच ती जोखमीच्या, खालच्या रेषेवर गेली असती आणि लाइटचा निर्णय कदाचित आधीच झाला असता.

५. लाइटचा काळ पट्ट्याने दाखवा

लाइट १५:४० ला, ३७ तासांना सुरू झाला. चार्टच्या तळाशी तासांच्या अक्षालगत निळा पट्टा रंगवायला तिथून सुरुवात करायची. ऑर्डर लिहिल्याची वेळ नाही, बाळावर प्रत्यक्ष उजेड पडला ती वेळ. बाळ लाइटखालून निघालं की पट्टा तोडायचा आणि परत गेलं की पुन्हा सुरू करायचा. कारण तुटलेल्या जागेवर एका शब्दात: दूध, नमुना, नातेवाईक, वीज.

पट्ट्यावर तीव्रतेचा आकडाही लिहा. फ्लक्स मीटर बाळाच्या अंगाच्या उंचीवर धरायचं, मधोमध आणि कडेलाही. जोरदार फोटोथेरपीसाठी किमान ३० (मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर) लागतं. लाइट निळा आणि झगझगीत दिसतो म्हणून तो पुरेसा असतोच असं नाही. डोळ्याला तो फरक कळत नाही.

याशिवाय डोळ्यांवर पट्टी (नाकावर सरकत नाही ना ते बघत), फक्त छोटं लंगोट, दर काही तासांनी कूस बदलणं, तापमान, शी-शूच्या वेळा आणि रोजचं वजन. वजन जन्माच्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर दूध कमी पडतंय, आणि त्याने कावीळही वाढते.

६. आकडा अपेक्षेइतका उतरला नाही, तर आधी पट्टा वाचा

लाइट सुरू झाल्यावर पहिलं रक्त चार ते सहा तासांत. आपल्या मुलीचं २०:४० ला, ४२ तासांना घेतलं: १४.१. रेषा १३.९. अजूनही वरच. सहा तासांत ०.५ ने वाढ, म्हणजे चढ बराच कमी झाला होता, पण आकडा उतरला नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा पहिला विचार होता की पेशी फार वेगाने फुटत असतील.

मी पट्टा दाखवला. १५:४० ते २०:४० या पाच तासांत तो दोनदा तुटला होता: दुधासाठी २५ मिनिटं, आणि गावाहून आलेल्या आजी-आत्यांना दाखवायला तब्बल ८० मिनिटं. पाच तासांत बाळ प्रत्यक्षात सव्वातीन तासच लाइटखाली होतं. मीटर लावलं तर तीव्रता फक्त १८ भरली. कुणीतरी स्टँड वर सरकवलेला होता. स्टँड कंपनीने दिलेल्या अंतरावर आणला, लाइटचं दुसरं युनिट जोडलं, तीव्रता ३४ वर गेली.

एका युनिटवर असताना दुधासाठी अर्ध्या तासापर्यंत बाळाला काढता येतं. जास्त युनिटांवर असताना ती मुभा नाही, म्हणून आईचं दूध काढून लाइटखालीच वाटी-चमच्याने पाजलं. नातेवाईकांना बाळ काचेतून दाखवलं. आजी रागावल्या. मी त्यांना चार्टवरची तुटलेली जागा दाखवली आणि त्या वेळेत आकडा कसा वाढला ते समजावलं. त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या, पण पुन्हा बाळ मागितलं नाही.

गुरुवारी ०२:४० ला, ४८ तासांना: १३.४. रेषा १४.६. पहिल्यांदा बिंदू रेषेखाली आला आणि आधीच्या बिंदूपेक्षाही खाली. दिशा पक्की झाल्यावर पुढचं रक्त बारा तासांनी घेता येतं.

पट्टा अखंड आहे, तीव्रता ३० च्या वर आहे, दूध नीट जातंय, आणि तरी बाळाची रेघ लाल रेषेच्या दिशेने वर जातेय, तेव्हा मात्र वेळ घालवू नका. लाल रेषा ओलांडायची वाट बघायची नसते. तिच्या २ मिलिग्रॅम खाली बिंदू आला की अमेरिकन मार्गदर्शिकेनुसार तातडीची धावपळ सुरू होते: एक्स्चेंजची सोय असलेल्या ठिकाणी बोलणं, रक्तपेढीला कळवणं, लाइट चालू ठेवूनच हलवणं.

आणि एक गोष्ट चार्टवर दिसत नाही. बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, अंग ढिलं पडलं किंवा उलट मान मागे टाकून धनुष्यासारखं ताणलं, रडणं चिरकं झालं, तर आकडा कुठेही असो, डॉक्टरांना त्या क्षणी बोलवा. ही बिलिरुबिन मेंदूत पोचल्याची लक्षणं असू शकतात, आणि अशा वेळी एक्स्चेंजचा निर्णय आकड्यावर अडवून ठेवत नाहीत.

७. बंद कधी करायचा: एकाच चार्टचा नियम

गुरुवारी १४:४० ला, ६० तासांना: ११.९. रेषा १६.१. अंतर ४.२. नाइसचा नियम असा, की त्या वेळच्या रेषेपासून आकडा किमान ५० मायक्रोमोल, म्हणजे २.९ मिलिग्रॅम खाली आला की लाइट बंद करावा. आपली मुलगी त्यात बसली. १६:०० ला लाइट बंद.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो तो सांगते. अमेरिकन २०२२ चा नियम म्हणतो, लाइट सुरू केला त्या तासाची रेषा धरा आणि तिच्याखाली २ मिलिग्रॅम या. नाइस आजच्या तासाची रेषा धरते, तर अमेरिकन नियम सुरुवातीच्या तासाची. रेषा रोज वर चढत असते, म्हणून या दोन खुणा वेगळ्या जागी पडतात. समजा नाइसच्या रेषेवर सुरू केलेल्या या मुलीला कुणी तिथेच अमेरिकन "दोन" लावला आणि आजच्या १६.१ मधून वजा केला, तर १४.१ ला लाइट बंद होईल. तो कुठल्याच मार्गदर्शिकेचा नियम नाही. ज्या चार्टवर सुरू केलं, त्याच चार्टच्या नियमाने बंद करा.

बंद करताना पट्ट्याच्या शेवटी एकूण हिशेब लिहा. १५:४० ते दुसऱ्या दिवशी १६:०० म्हणजे २४ तास २० मिनिटं, त्यातून तुटलेले २ तास ५ मिनिटं वजा, प्रत्यक्ष लाइट २२ तास १५ मिनिटं. "एक दिवस लाइट दिला" या वाक्यापेक्षा हा हिशेब पुढच्या डॉक्टरला जास्त सांगतो.

८. रिबाउंडचे बिंदू टाकल्याशिवाय चार्ट बंद करू नका

लाइट काढल्यावर आकडा थोडा वर येतोच. तो किती आणि कोणत्या चढाने, एवढंच बघायचं असतं. नाइसप्रमाणे १२ ते १८ तासांनी एक रक्त. शुक्रवारी ०६:४० ला, ७६ तासांना: १३.३. आधीच्या ११.९ पेक्षा वर. घरच्यांचा चेहरा पडला. चार्टवर बघा: १६ तासांत १.४, म्हणजे तासाला ०.०९. रेषेचा चढ ०.१२. म्हणजे आकडा वाढला तरी बाळ रेषेच्या जवळ गेलं नाही, उलट किंचित लांब गेलं. रेषा १८.० वर होती, अंतर ४.७. पुन्हा लाइट लावायची गरज नव्हती.

डीसीटी पॉझिटिव्ह नसती तर तिला त्याच दिवशी सोडलं असतं. पेशी फुटणाऱ्या बाळात आकडा उशिरा उसळू शकतो, म्हणून आणखी एक दिवस ठेवलं. शनिवारी ०६:४० ला, १०० तासांना: १३.०. रेषा सपाट, २०.५. सुट्टी.

९. डिस्चार्ज कार्डासोबत चार्टची प्रत

कार्डवर "कावीळ, फोटोथेरपी दिली" एवढंच लिहिलं तर पुढच्या दवाखान्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चार्टची फोटोकॉपी जोडा. तेही जमत नसेल तर घरच्यांना मोबाइलवर फोटो काढायला सांगा. आशाताई संस्थेत झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातात, त्यांनाही तो फोटो दाखवता येतो.

आईला मी समोर बसवून तीनच गोष्टी सांगते. दूध दर दोन-तीन तासांनी. कोवळ्या उन्हात ठेवणं हा काविळीवरचा उपचार धरायचा नाही: त्या उजेडाला मोजमाप नाही, बाळ तापतं किंवा गारठतं, आणि दवाखान्यात यायला उशीर होतो. आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली दुपटी-झबली बाळाला घालायची नाहीत. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही फुटू शकतात. या मुलीचा जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट सुट्टीपर्यंत आला नव्हता, म्हणून कार्डवर "रिपोर्ट बाकी" असं लाल पेनने लिहून फोन नंबर घेतला. नंतर तो नॉर्मल आला.

आजीने विचारलं, "आता काही राहिलं नाही ना?" एक राहिलं होतं. डीसीटी पॉझिटिव्ह बाळात कावीळ ओसरल्यावरही पेशी हळूहळू फुटत राहतात आणि रक्त कमी होत जातं. म्हणून चार्टच्या अगदी तळाशी, आकडे संपतात तिथे, मी पंधरवड्यानंतरची तारीख घातली आणि शेजारी लिहिलं: हिमोग्लोबिन.